विश्लेषण : बेकरीचे पॅकिंग बाहेर देणे खरोखर स्वस्त पडते का?

खारी भाजायची आपण आणि पाकिटात भरून घ्यायची दुसऱ्याकडून, असा प्रस्ताव अनेक बेकरीचालकांसमोर येतो. कंत्राटी पॅकिंग करणाऱ्याचा दर स्वतःच्या खर्चापेक्षा कमी दिसतो आणि निर्णय सोपा वाटतो. मात्र हिशेबाच्या वहीतला प्रत्येक खर्च या निर्णयात धरायचा नसतो, तर काही खर्च वहीत दिसतच नाहीत.

दर कमी, तरी तोटा कसा?

उदाहरणादाखल, महिन्याला २०० ग्रॅमची ३० हजार पाकिटे विकणारी एक बेकरी घेऊ. तिला एका पाकिटाचे पॅकिंग साडेचार रुपयांना पडते. त्यात छापील फिल्मचे १.६० रुपये, मजुरीचे १.५०, वीज व देखभालीचे ०.३०, यंत्राच्या घसाऱ्याचे ०.५० आणि जागाभाड्यातल्या वाट्याचे ०.६० रुपये आहेत. कंत्राटदार फिल्मसह ३.८० रुपये मागतो. म्हणजे पाकिटामागे ७० पैसे, महिन्याला २१ हजार रुपये वाचणार असे दिसते.

पण पॅकिंग बाहेर दिले म्हणून भाडे कमी होत नाही. यंत्राचे पैसेही कधीच देऊन झालेले असतात. हे १.१० रुपये दोन्ही पर्यायांत सारखेच राहतात, म्हणून तुलनेतून वगळायचे. खरोखर वाचणारा खर्च उरतो ३.४० रुपये. दुसरीकडे, कंत्राटदाराच्या दरात क्रेट आणि टेम्पोचे ३५ पैसे मिळवले की बाहेरचा खर्च ४.१५ रुपये होतो. बचत तर नाहीच, उलट महिन्याला २२,५०० रुपये जास्त जातात. तेही पॅकिंगच्या तिन्ही कामगारांचा पगार खरोखर थांबला तर. एकाला नुसते दुसऱ्या टेबलावर बसवले, तर त्याचे १५ हजार रुपये चालूच राहतात.

मग बाहेर देण्यात अर्थ केव्हा?

रिकाम्या झालेल्या जागेतून कमाई होत असेल तेव्हा. समजा, तिथे केकचे काम सुरू केले आणि साहित्य व मजुरी वजा जाता महिन्याला ३० हजार रुपये सुटले. मग स्वतः पॅकिंग करणे म्हणजे या ३० हजारांवर पाणी सोडणे. त्यातून २२,५०० वजा केले तरी ७,५०० रुपये फायदा उरतो. मात्र या केकला गिऱ्हाईक आहे का, हे आधी तपासावे लागते. जागा नुसती रिकामी राहिली तर तिची किंमत शून्य.

हा फायदा टिकतो का?

खारीचे पापुद्रे नाजूक असतात. क्रेटमध्ये भरणे, टेम्पोतले हादरे आणि पुन्हा उपसणे यात चुरा वाढतो. पाकीटभर खारी भाजायला २५ रुपये लागत असतील, तर तूट १ टक्क्याने वाढताच ३०० पाकिटांचे ७,५०० रुपये जातात. सगळा फायदा तिथेच संपतो.

दुसरा धोका ओलाव्याचा. खारी गरम असताना बंद केली तर पाकिटात वाफ धरते आणि थंड होऊन उघडी राहिली तर पावसाळी हवेत ती सादळते. स्वतःच्या बेकरीत ही वेळ साधता येते. बाहेर ती कंत्राटदाराच्या रांगेवर ठरते. गणपती ते दिवाळी या काळात त्याच्याकडे फरसाणवाल्यांचीही कामे असतात. आपल्या विक्रीचा हंगाम आणि त्याच्या गर्दीचा हंगाम एकच. तक्रार मात्र पाकिटावरच्या ब्रँडकडे येते.

करारात काय पाहावे?

उत्पादक आणि पॅकिंग करणारा वेगळे असतील, तर पाकिटावरचा छापील तपशील बदलावा लागू शकतो. त्यामुळे शिल्लक राहिलेली जुनी छापील फिल्म बहुधा वाया जाते. महिन्याभराचा साठा असेल तर ते ४८ हजार रुपये हिशेबात धरावेत.

फिल्म छापण्याचे सिलिंडर कोणाच्या मालकीचे, हेही लिहून घ्यावे. प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर लागतो. ते कंत्राटदाराने बनवले आणि स्वतःकडे ठेवले, तर त्याने दर वाढवल्यावर दुसरीकडे जाताना सगळा संच नव्याने करावा लागतो. स्वतःचे यंत्रही विकून टाकले असेल, तर घासाघीस करायला हाती काहीच उरत नाही.

म्हणूनच सुरुवात खारीपेक्षा कमी फुटणाऱ्या टोस्टपासून करावी, यंत्र वर्षभर ठेवावे आणि एक पावसाळा व एक दिवाळी जाऊ द्यावी. तूट आणि परत आलेली पाकिटे रोज मोजली, की या बेकरीसाठी दर परवडतो की नाही ते कळते. करारात मान्य तुटीची टक्केवारी आणि माल परत देण्याची मुदत नसेल, तर ३.८० रुपयांचा दर पूर्ण किंमत सांगत नाही.