प्लेटलेट कमी, म्हणून ॲडमिट? विमा कंपनीला एवढं उत्तर का पुरत नाही

पावसाळा सरता सरता विमा कंपन्यांकडे एकाच साच्याचे दावे येऊ लागतात: चार दिवस ताप, प्लेटलेट कमी, तीन दिवस भरती, सलाइन, डिस्चार्ज. त्यांतल्या बऱ्याच दाव्यांवर एकच प्रश्न येतो, ‘रुग्णाला दाखल करण्याची गरज काय होती?’ घरातलं माणूस खाटेवर असताना हा प्रश्न वाचून संताप येतो. पण तो कुठून येतो हे समजलं, तर उत्तर देणं सोपं जातं.

आधी आजार समजून घेऊ. डेंग्यूचे पहिले साधारण तीन-चार दिवस जोराच्या तापाचे असतात. मग ताप उतरतो आणि घरच्यांना हायसं वाटतं. धोक्याचा काळ मात्र तिथूनच सुरू होतो. पुढचे २४ ते ४८ तास काही रुग्णांच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती झिरपू लागतात आणि रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, बाहेर पोटात किंवा छातीत साचतो. डेंग्यूत माणूस दगावतो तो बहुतेकदा या गळतीमुळे रक्तदाब कोसळून. नुसत्या कमी प्लेटलेटमुळे दगावणारे त्यामानाने थोडे.

ही गळती रिपोर्टवर दिसते, फक्त आपली नजर तिथे जात नाही. सीबीसी या साध्या रक्ततपासणीत हिमॅटोक्रिट किंवा पीसीव्ही नावाची एक ओळ असते. रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती टक्के, हे ती सांगते. आमटीतलं पाणी आटलं की डाळ दाट होते. तसा प्लाझ्मा गळाला की हा आकडा चढतो. प्लेटलेट झपाट्याने उतरत असताना हिमॅटोक्रिट चढत असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या वर्गीकरणानुसार ते धोक्याचं लक्षण आहे. पोटात सतत दुखणं, न थांबणाऱ्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, गुंगी किंवा अस्वस्थपणा, यकृत वाढणं आणि पोटात-छातीत पाणी ही त्याच यादीतली बाकीची लक्षणं.

यांतलं एक जरी असेल तर दाखल करणं योग्य. लक्षण नसलं तरी गरोदर बाई, तान्हं मूल, वयस्क माणूस, मधुमेह किंवा किडनीचा रुग्ण किंवा घरी बघायला कुणी नसलेला माणूस यांना दाखल करण्याकडे डॉक्टरांचा कल असतो. या यादीत ‘प्लेटलेट एक लाखाच्या खाली’ असं कुठेही नाही. निरोगी माणसात प्लेटलेट दीड ते साडेचार लाख असतात. डेंग्यूत त्या उतरतात आणि आजार वळला की आपोआप चढतात. रक्तस्राव नसेल तर १० हजारांच्या खाली गेल्याशिवाय प्लेटलेट चढवण्याचा विचारही करू नये, असं आपल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. (पपईच्या पानांचा रस आणि किवी यांवर घरोघरी जो खर्च होतो, तो या आकड्याच्या भीतीपोटी.)

आता पॉलिसी. भरतीचा दावा लागू व्हायला साधारणपणे सलग २४ तास आंतररुग्ण म्हणून उपचार व्हावे लागतात, हे बहुतेकांना माहीत असतं. अडतं ते दुसऱ्या अटीवर. उपचार ‘वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक’ हवेत. सुरक्षित आणि पुरेशा उपचाराला जेवढी पातळी लागते, त्याहून तो जास्त किंवा लांबलेला नसावा, असा त्या व्याख्येचा अर्थ. शिवाय केवळ तपासण्या करून निदान करण्यासाठी झालेली भरती वगळणारं ‘इन्व्हेस्टिगेशन अँड इव्हॅल्युएशन’ नावाचं कलम पॉलिसीत असतं. टीपीए, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे तपासणारी मध्यस्थ संस्था, तापाच्या भरतीवर बहुधा याच दोन ठिकाणी बोट ठेवते.

कंपनीचा संशय अगदीच हवेतला नसतो. ‘मेडिक्लेम आहे ना, मग करून घ्या ॲडमिट’ हे वाक्य दवाखान्यात रुग्णाकडूनही येतं आणि दवाखान्याकडूनही. ९० हजार प्लेटलेट, उलटी नाही, पाणी पितोय, लघवी होतेय, अशा तरुण माणसाला तीन दिवस खाटेवर ठेवून पॅरासिटॅमॉलच्या गोळ्या आणि दोन सलाइन दिल्या, तर ते उपचार घरी राहून, रोज सीबीसी करूनही झाले असते. असा दावा नाकारला तर माझ्या मते कंपनीचं फारसं चुकत नाही. चुकतं ते जेव्हा ती ‘प्लेटलेट ५० हजारांच्या वर होत्या, म्हणून गरज नव्हती’ एवढ्यावरच थांबते. आकड्याला चिकटून बसण्याची चूक मग दोन्हीकडून होते.

एक उदाहरण घेऊ. अडतीस वर्षांचा एक गृहस्थ. सोमवारी ताप आला. बुधवारी एनएस-१ ही तपासणी (विषाणूचाच अंश शोधणारी, पहिल्या चार-पाच दिवसांत उपयोगी) पॉझिटिव्ह आली. प्लेटलेट १ लाख ४२ हजार, हिमॅटोक्रिट ४१. डॉक्टरांनी घरीच ठेवलं, भरपूर पातळ पदार्थ घ्यायला सांगितले, ब्रुफेनसारख्या गोळ्या घेऊ नका म्हणून बजावलं. गुरुवारी प्लेटलेट ८६ हजार. शुक्रवारी सकाळी ताप उतरला, पण पोट दुखू लागलं, चार उलट्या झाल्या, पाणीही ठरेना. दुपारी प्लेटलेट ५२ हजार, हिमॅटोक्रिट ४७. दाखल केलं.

कॅशलेसचा अर्ज रुग्णालयाच्या बिलिंग खिडकीवरून गेला. त्यात निदानाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘ताप, प्लेटलेट कमी’, आणि कारणाच्या रकान्यात ‘निरीक्षणासाठी’. सोबत त्या दिवशीची नोंद: तापमान ९८.६, नाडी ८८, रक्तदाब ११०/७०. दूर कुठेतरी बसलेल्या तपासनिसाला काय दिसलं? ताप नसलेला, रक्तदाब ठीक असलेला, ५२ हजार प्लेटलेटचा माणूस, निरीक्षणासाठी दाखल. क्वेरी आली, आणि संध्याकाळी नकार.

हा नकार म्हणजे शेवट नव्हे. कॅशलेस नाकारला म्हणजे दावा नाकारला असं होत नाही. बिल भरून नंतर परताव्याचा दावा करता येतो. पण त्याआधी, रुग्ण आत असतानाच, डॉक्टरांना एक पत्र मागावं. या उदाहरणातलं पत्र असं हवं: आजाराचा पाचवा दिवस; ताप उतरल्यावर पोटदुखी आणि चार उलट्या; तोंडाने पाणी टिकत नाही; दोन दिवसांत प्लेटलेट १ लाख ४२ हजारांवरून ५२ हजारांवर; हिमॅटोक्रिट ४१ वरून ४७; म्हणजे धोक्याच्या लक्षणांसह डेंग्यू; शिरेतून मोजून द्रव आणि दर काही तासांनी नाडी, रक्तदाब, लघवी आणि हिमॅटोक्रिट पाहणं आवश्यक. यात खोटं किंवा वाढवलेलं काहीही नाही. आधीही हे सगळं खरंच होतं, फक्त कागदावर नव्हतं.

‘ताप नव्हता’ हा आक्षेप डेंग्यूत फार येतो आणि सगळ्यात फसवा तोच आहे. न्यूमोनियात ताप उतरणं ही सुधारणा. डेंग्यूत चौथ्या-पाचव्या दिवशी ताप उतरणं म्हणजे गळतीच्या काळाचं दार उघडणं. म्हणून पत्रात आजाराचा कितवा दिवस हे आलंच पाहिजे. तारीख पुरत नाही.

आता केसपेपरकडे वळू. दावा अडला की कंपनी ‘इनडोअर केसपेपर’ मागते, म्हणजे आत असतानाच्या रोजच्या नोंदींचा पूर्ण गठ्ठा. तापमान-नाडीचा तक्ता, सलाइन किती वेगाने गेली, किती पाणी प्यायलं आणि किती लघवी झाली, नर्सच्या नोंदी, औषधांचा तक्ता. इथे खरे दावेही बुडतात. चारही दिवस, चारही वेळा तापमान ९८.६ आणि नाडी ८०, एकाच शाईत, एकाच हस्ताक्षरात लिहिलेली असेल, तर तपासनीस तो तक्ता नंतर भरलेला धरतो. लघवीचं मोजमाप नाही, हिमॅटोक्रिट पुन्हा केलंच नाही, फक्त प्लेटलेट दिवसातून दोनदा. मग गळतीवर लक्ष ठेवायला दाखल केलं होतं, हे म्हणणं पोकळ ठरतं. आमच्या गृहस्थांच्या कागदांत हिमॅटोक्रिट शनिवारी ४४ आणि रविवारी ४१ झाल्याची नोंद होती. सलाइनने रक्त पुन्हा पातळ झालं, हे त्यातून आपोआप सिद्ध होतं. प्लेटलेट शनिवारी ३८ हजारांवर गेल्या आणि सोमवारी ७१ हजारांवर आल्या, पण युक्तिवादाचा भार त्यांच्यावर टाकावा लागला नाही.

दाखल होण्याआधीचे कागद टाकू नका. फॅमिली डॉक्टरांची चिठ्ठी, बुधवारचा आणि गुरुवारचा सीबीसी, यांच्याशिवाय ‘४१ वरून ४७’ हे वाक्यच लिहिता येत नाही. शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासा, कारण दोन यंत्रांचे आकडे थोडे वेगळे येतात. कधी नळीतल्या रसायनामुळे प्लेटलेटच्या गुठळ्या होतात आणि यंत्र त्या कमी मोजतं. आकडा अचानक फार खाली दिसला आणि माणूस ठणठणीत असेल, तर काचपट्टीवर हाताने मोजणी करायला सांगावी.

निदान ‘व्हायरल फीवर’ एवढंच असेल तर वाट जास्त अवघड. एनएस-१ निगेटिव्ह आली म्हणून डेंग्यू नाही असं ठरत नाही. पाचव्या दिवसानंतर आयजीएम ही प्रतिपिंडांची तपासणी करून घ्यावी लागते. मलेरिया आणि लेप्टोतही प्लेटलेट उतरतात. डिस्चार्ज कार्डावर अखेरचं निदान नीट लिहून घ्यावं. नाहीतर कंपनी म्हणते, निदान करण्यासाठीच भरती झाली होती. नवी पॉलिसी असेल तर तारीखही पाहावी: पहिल्या ३० दिवसांत अपघात सोडून इतर आजारांना सहसा संरक्षण नसतं.

परताव्याच्या दाव्याची मुदत पॉलिसीत लिहिलेली असते. आरोग्य संजीवनी या प्रमाणित पॉलिसीत डिस्चार्जपासून ३० दिवस. दावा मंजूर झाला, तर भरतीच्या आधीचे सीबीसी आणि नंतरची औषधंही पॉलिसीतल्या मुदतीत बसतात. भरतीच नाकारली गेली तर तेही पैसे जातात, म्हणून ही लढाई वाटते त्यापेक्षा मोठ्या रकमेची असते.

तरीही नकार आला, तर कारण कलमासह लेखी मागावं. विमा नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार दावा नाकारण्याआधी कंपनीच्या दावा-समीक्षा समितीची मान्यता लागते. ती घेतली होती का, हे आपण विचारू शकता. मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे डॉक्टरांचं पत्र आणि केसपेपर जोडून अर्ज करावा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. शुल्क नाही, वकीलही लागत नाही, पण कंपनीच्या अंतिम नकारापासून वर्षाच्या आत जावं लागतं. सुनावणीला जाताना जाड फायलीआधी एक पान ठेवावं: डावीकडे आजाराचा दिवस, पुढे हिमॅटोक्रिट, प्लेटलेट, उलट्या, लघवी आणि त्या दिवशी काय उपचार झाले.