रिकाम्या गोळीचा हिशोब

‘आमच्या वहिनींची अर्धशिशी त्या एका पुडीने गेली.’ हे वाक्य ऐकले नाही असे घर विरळा. बोलणारा खोटे बोलत नसतो. वहिनींना खरेच बरे वाटलेले असते. प्रश्न इतकाच की, बरे वाटण्याचे श्रेय कोणाला द्यायचे? पुडीला, वहिनींच्या मनाला, की नुसत्या जाणाऱ्या दिवसांना? ही वाटणी करायची कशी, याचे एक सुंदर उदाहरण २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अर्धशिशीवरच्या एका प्रयोगात सापडते.

अमेरिकेतील बॉस्टनच्या बेथ इस्रायल डीकोनेस वैद्यकीय केंद्रात रामी बर्स्टीन, टेड कॅपचुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रयोग केला. त्यात अर्धशिशीचे ६६ रुग्ण होते. पहिल्या झटक्याला कोणीही काही घ्यायचे नाही, असे ठरले. डोके दुखू लागल्यावर अर्ध्या तासाने आणि त्यानंतर दोन तासांनी वेदना किती आहे, याची फक्त नोंद करायची. हा झटका म्हणजे पुढच्या सगळ्या हिशोबाची आरंभीची शिल्लक.

मग प्रत्येकाला पुढच्या सहा झटक्यांसाठी सहा बंद पाकिटे दिली. दोन पाकिटांवर ‘मॅक्साल्ट’ असे लिहिले होते. मॅक्साल्ट म्हणजे रिझाट्रिप्टान, अर्धशिशीवरचे खात्रीचे औषध. दोन पाकिटांवर ‘प्लासिबो’ लिहिले होते, म्हणजे औषध नसलेली गोळी. उरलेल्या दोघांवर ‘मॅक्साल्ट किंवा प्लासिबो’. खुबी अशी की, प्रत्येक जोडीतल्या एका पाकिटात खरे औषध होते आणि दुसऱ्यात रिकामी गोळी. म्हणजे काही वेळा खऱ्या औषधावर ‘प्लासिबो’ची चिठ्ठी होती आणि रिकाम्या गोळीवर ‘मॅक्साल्ट’ची. गोळीचा गुण आणि चिठ्ठीचा गुण वेगवेगळा मोजायचा हा साधा उपाय होता.

काहीच न घेतलेल्या झटक्यात त्या दोन तासांत वेदना सरासरीने वाढली. खरे औषध कोणत्याही चिठ्ठीखाली रिकाम्या गोळीपेक्षा सरस ठरले. पण चिठ्ठी ‘प्लासिबो’वरून ‘किंवा’वर आणि तिथून ‘मॅक्साल्ट’वर गेली, तसतसा दोन्ही गोळ्यांचा गुण वाढत गेला. इतका की ‘प्लासिबो’ म्हणून दिलेले खरे औषध आणि ‘मॅक्साल्ट’ म्हणून दिलेली रिकामी गोळी यांनी कमी केलेल्या वेदनेत ठाम म्हणावा असा फरक उरला नाही. काहीच न घेण्याशी तुलना केली, तर औषधाच्या एकूण गुणातला निम्म्याहून अधिक वाटा रिकाम्या गोळीनेही मिळत होता. ‘यात औषध नाही’ असे स्पष्ट लिहिलेली रिकामी गोळीसुद्धा काही न घेण्यापेक्षा बरी ठरली.

मात्र या निष्कर्षाची दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही. वेदना कमी होणे वेगळे आणि डोके पूर्ण उतरणे वेगळे. दोन तासांनी डोके अजिबात दुखत नाही, असे सांगणारे लोक खऱ्या औषधानंतर रिकाम्या गोळीपेक्षा कितीतरी अधिक होते. विश्वासाने वेदनेची धार बोथट होते. झटका मुळातून थांबवायला बहुधा औषधच लागते.

हे नुसते ‘मनाचे खेळ’ आहेत का? दुखण्याची जाणीव मेंदूतच तयार होते आणि मेंदूला ती कमी करण्याची स्वतःची यंत्रणा आहे. १९७८ साली लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी दात काढलेल्या रुग्णांना रिकामे औषध दिले. त्याने ज्यांना आराम पडला, त्यांना नंतर नॅलोक्सोन दिल्यावर त्यांची वेदना पुन्हा वाढली. अफूवर्गीय द्रव्यांचा परिणाम रोखणारे हे औषध आहे. म्हणजे आरामाची अपेक्षा ठेवणाऱ्या मेंदूने स्वतःचेच अफूसारखे वेदनाशामक वापरले असावे, असा त्याचा अर्थ लावला गेला. ज्या माणसाने पूर्वी गोळी घेऊन आराम अनुभवला आहे, त्याला गोळीचा आकार, पाण्याचा घोट, डॉक्टरांचा स्वर, हे सारे आराम येत असल्याची वर्दी देतात. सगळ्यांची अपेक्षा आणि पूर्वानुभव सारखे नसतात, म्हणून रिकामी गोळी काहींनाच लागू पडते.

आता पुडीकडे वळू. तिच्या यशात अपेक्षेचा वाटा असतोच, पण आणखी एक वाटेकरी असतो आणि त्याचा प्लासिबोशी काही संबंध नाही. समजा, एका बाईंना महिन्याला सरासरी पाच झटके येतात. कधी तीन, कधी सात. एका महिन्यात नऊ येतात. जीव मेटाकुटीला येतो आणि कोणीतरी सुचवलेल्या ठिकाणी जाऊन त्या पुडी आणतात. पुढच्या महिन्यात पाच झटके येतात. नवावरून पाचावर! पण पुडी न घेता पुढचा महिना कसा गेला असता? बहुधा पाचच्याच आसपास. सर्वांत वाईट महिन्यानंतर येणारा महिना बहुतेक वेळा त्याहून बरा असतो. आपण उपाय शोधायला निघतो तेच मुळी दुखणे शिगेला पोहोचल्यावर, त्यामुळे उताराचे श्रेय हातात असेल त्या वस्तूला मिळते. एकेका झटक्याचेही तसेच आहे. उपचाराविना अर्धशिशीचा झटका साधारण चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत चालतो आणि मग आपणच ओसरतो. शेवटच्या तासाला लावलेला लेप नेहमी यशस्वी होतो.

म्हणूनच बॉस्टनच्या प्रयोगातला तो पहिला, काही न घेतलेला झटका इतका महत्त्वाचा. चमत्काराचा दावा कानावर आला की, तोच झटका शोधावा. ‘किती जणांना बरे वाटले?’ एवढ्याने भागत नाही. ‘पुडी न घेतलेल्या तशाच लोकांचे काय झाले?’ हे विचारावे. मग विचारावे की, ज्यांना गुण आला नाही त्यांची नोंद कुठे आहे? ते पुन्हा तिथे जात नाहीत, म्हणून भिंतीवरच्या आभारपत्रांत त्यांचे पत्र नसते. घरच्या घरी करता येण्याजोगी गोष्ट म्हणजे वही. उपाय सुरू करण्याआधी दोन-तीन महिने झटक्यांचे दिवस, तास आणि घेतलेल्या गोळ्या लिहून ठेवाव्यात. नंतरच्या तीन महिन्यांशी त्यांची तुलना करावी. पुराव्याला हे पुरेसे नसले, तरी नऊ आणि पाचाचा भ्रम त्यातून लगेच उघडा पडतो.

पुडी निरुपद्रवी असती, तर एवढा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. पण घटक न सांगितलेल्या पुडीत साधे वेदनाशामक किंवा स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. तिने खरेच आराम पडतो आणि तोच धोका असतो. महिन्यात पंधरा किंवा अधिक दिवस साधी वेदनाशामके घेत राहिले, तर त्यांच्यामुळेच रोजची डोकेदुखी जडू शकते. मग माणूस आणखी पुड्या नेतो. दुसरा धोका उशिराचा. एकाएकी, क्षणार्धात उठलेली कधी नव्हे इतकी तीव्र डोकेदुखी, ताप येऊन मान ताठरणे, हातपाय लुळे पडणे, बोलणे अडखळणे, पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेले दुखणे, यांत आत काही गंभीर घडत असू शकते. अशा वेळी अपेक्षेने वेदना थोडी कमी झाली, तरी रक्तस्राव थांबत नाही की गाठ विरत नाही.

वहिनींना बरे वाटले, यावर वाद घालू नये. त्यांना फक्त एवढेच विचारावे की, पुडी आणण्याआधीचा महिना कसा गेला होता आणि त्या पुडीत काय होते?