गार पाणी आणि दाताची कळ

मे महिन्यात फ्रिजमधल्या पाण्याचा पहिलाच घोट घेतला की एखाद्या दातातून कळ मस्तकात जाते. क्षणभर डोळे मिटतात, घोट कसाबसा गिळला जातो आणि दोन-चार सेकंदांत सगळं शांत होतं. पुढचा घोट मग आपण दुसऱ्या गालाकडून घेतो. बहुतेकांना वाटतं, दात किडला असणार. पण थंडाने क्षणभर उठणारी आणि लगेच विरणारी ही कळ पुष्कळदा कीड नसलेल्या दातातूनच येते. तिचं मूळ दाताच्या टोकाशी नसून हिरडीला लागून असलेल्या मानेपाशी असतं.

दाताच्या दिसणाऱ्या भागावर इनॅमलचं कवच असतं. शरीरातला हा सगळ्यात कठीण पदार्थ. चावायच्या टोकांवर तो दोन-अडीच मिलिमीटरपर्यंत जाड असतो, पण हिरडीकडे येता येता पातळ होत जातो आणि मानेपाशी संपतो. त्याखालच्या मुळावर फक्त एक पातळ, मऊसर थर असतो. हिरडीने ते मूळ झाकलेलं असतं तोवर काही बिघडत नाही. हिरडी खाली सरकली, की तो थर ब्रशच्या घासण्याने लवकर निघून जातो आणि आतलं पिवळसर डेंटिन उघडं पडतं.

डेंटिन दिसायला घट्ट असलं तरी ते सच्छिद्र असतं. त्यात हजारो अतिसूक्ष्म नळ्या असतात. त्या बाहेरून थेट दाताच्या गाभ्याकडे, म्हणजे जिथे नस असते तिथपर्यंत जातात आणि त्यांच्यात द्रव भरलेला असतो. उघड्या डेंटिनला गार पाणी लागलं की हा द्रव आकसतो आणि नळीतून बाहेरच्या दिशेने झपकन सरकतो. आतल्या टोकाशी असलेल्या मज्जातंतूंना त्या हालचालीचा ताण बसतो आणि कळ उठते. स्वीडिश संशोधक मार्टिन ब्रॅनस्ट्रॉम यांनी 1960च्या दशकात प्रयोग करून ही उपपत्ती पुढे नेली आणि आजही तीच सर्वाधिक मानली जाते. गोड खाल्ल्यावर किंवा तोंडाने गार हवा ओढल्यावर तोच दात का कळवळतो, याचाही उलगडा तिच्यातून होतो, कारण तेव्हाही द्रव बाहेरच्याच दिशेने ओढला जातो. गरम चहाने तो आत सरकतो, पण हळू, म्हणून चहाचा त्रास सहसा कमी असतो.

आता या नळ्या उघड्या पडतात कशा? दोन गोष्टी मिळून हे काम करतात, आंबट पदार्थ आणि ब्रश. नेहमी दिसणारं एक उदाहरण घेऊ. चाळिशीचा एक गृहस्थ सकाळी उठल्यावर अनशापोटी कोमट पाण्यात लिंबू पिळून पितो. त्यानंतर लगेच कडक ब्रशने, जोर लावून, आडवे हात मारत दात घासतो. लिंबूपाणी चांगलंच आम्लधर्मी असतं. तोंडातली आम्लता साधारण 5.5 पीएचच्या खाली गेली की इनॅमलचा वरचा थर विरघळायला लागतो, डेंटिन तर त्याच्याही आधी. तो थर त्या वेळी ओल्या गिलाव्यासारखा मऊ असतो आणि नेमका तेव्हाच त्याच्यावर ब्रश फिरतो. एका दिवसात काहीच दिसत नाही. काही वर्षांनी मात्र डावीकडच्या सुळ्यावर आणि त्याच्या मागच्या दाढेवर हिरडीलगत खाच पडते. उजव्या हाताने घासणाऱ्यांचा जोर पुष्कळदा डाव्या बाजूच्या याच दातांवर पडतो.

ही खाच घरच्या घरी सापडते. हात स्वच्छ धुवून अंगठ्याचं नख दाताच्या मधोमध ठेवा आणि हळूच हिरडीकडे न्या. निरोगी दातावर नख सरळ घसरत जातं. खाच असेल तर ते हिरडीच्या किंचित अलीकडे अडकतं आणि बहुधा तिथेच बारीकशी कळ येते.

त्या गृहस्थाने लिंबूपाणी सोडायला हवं, असं नाही. क्रम बदलायला हवा. आधी दात घासावेत, मग लिंबूपाणी प्यावं आणि शेवटी साध्या पाण्याने चूळ भरावी. आंबट आधीच पोटात गेलं असेल तर चूळ भरून ब्रशसाठी अर्धा-पाऊण तास थांबावं. तेवढ्या वेळात लाळ आम्लता कमी करते आणि मऊ पडलेला थर पुन्हा सावरू लागतो. कोकम सरबत, कैरीचं पन्हं, कोल्ड्रिंक यांनाही हेच लागू. शिवाय एक ग्लास सरबत तासभर घुटकत बसण्यापेक्षा एका बैठकीत संपवलेलं बरं, कारण दर घोटागणिक लाळेला पुन्हा पहिल्यापासून काम करावं लागतं.

ब्रश मऊ केसांचा घ्यावा आणि मुठीत न धरता पेनसारखा बोटांत धरावा, म्हणजे जोर आपोआप कमी होतो. केस हिरडीकडे तिरपे ठेवून लहान गोलाकार फिरवावेत. दोन-तीन आठवड्यांत केस बाहेर फाकले, तर जोर जास्त पडतोय हे नक्की समजावं. मिश्री, कोळसा, राखुंडी, मीठ यांनी घासणं मात्र पूर्ण थांबवावं. त्यांचे खरखरीत कण मानेपाशीच सर्वाधिक झीज करतात आणि मिश्रीत तर तंबाखूही असते. उलट दुखतं म्हणून तो दात घासायचाच टाळणारेही खूप असतात. तिथे कीटण साचतं, हिरडी सुजून आणखी खाली जाते आणि त्रास वाढतो.

सेन्सिटिव्ह दातांच्या पेस्टच्या ट्यूबवर बहुधा पोटॅशियम नायट्रेट, स्टॅनस फ्लोराइड किंवा आर्जिनीन यांपैकी एक नाव छापलेलं असतं. पोटॅशियम मज्जातंतूला शांत करतं, बाकीची दोन नळ्यांची तोंडं बुजवतात. यांपैकी पोटॅशियम नायट्रेट आठ दिवसांत सोडून देणारे फसतात. ते दिवसातून दोनदा, दोन ते चार आठवडे नेमाने वापरल्याशिवाय फरक कळत नाही, आणि बंद केलं की त्रास परत येऊ शकतो. रात्री घासून झाल्यावर फेस थुंकावा, पण भरपूर पाण्याने खळखळून चूळ भरू नये, म्हणजे औषध दातावर टिकतं. दुखऱ्या जागी बोटाने थोडी पेस्ट चोळून ठेवली तरी चालते.

लवंगेच्या तेलाने काही वेळ आराम पडतो हे खरं आहे. 2021मध्ये जर्मन आणि अमेरिकी संशोधकांना दातातल्या पेशींवर थंडी ओळखणारं एक प्रथिन आढळलं आणि लवंगेतलं युजेनॉल त्याला अडवतं, हेही दिसलं. पण तेलाने उघडी नळी बुजत नाही आणि ते नुसतं लावलं तर हिरडी भाजते.

हे सगळं क्षणभराच्या कळीसाठी. थंड पाणी गिळून झाल्यावरही दात मिनिटभर ठणकत राहिला, गरमाने त्रास वाढला, रात्री आपोआप ठणका लागला किंवा चावताना एकाच दातात सणक आली, तर गाभ्याला सूज, खोल कीड किंवा दाताला तडा असण्याची शक्यता असते. तिथे पेस्टवर वेळ घालवू नये, दंतवैद्यांकडे जावं. खाचेच्या बाबतीतही महिना-दीड महिना नेमाने वागून फरक पडला नाही, तर ते तिथे फ्लोराइडचा लेप लावतात किंवा दाताच्या रंगाचं सिमेंट भरून ती बुजवतात. खाच खोल नसेल तर हे काम बहुधा एका बैठकीत होतं.