काळ्या फ्रेमच्या पलीकडे

चष्म्याच्या दुकानातला आरसा बहुतेकदा काउंटरवर असतो, डोक्यावर पांढरेशुभ्र एलईडी दिवे असतात आणि समोरच्या ट्रेमध्ये निम्म्याहून अधिक फ्रेमा काळ्या असतात. ऑफिसला रोज चष्मा लावून जाणारा माणूस दोनचार रंगीत फ्रेमा डोळ्यांवर चढवून पाहतो, ‘नको, जास्तच दिसतंय’ म्हणतो आणि काळी घेऊन घरी येतो. पुढची दोन वर्षे दिवसाचे दहाबारा तास तीच त्याच्या चेहऱ्यावर असते. शर्ट रोज बदलतो, साडी बदलते. फ्रेम मात्र तीच राहते. तरीही तिच्या रंगाचा विचार शर्टाच्या रंगाइतकाही होत नाही. दुकानातला सल्लाही ठरलेला असतो: गोऱ्यांना काहीही चालते, सावळ्यांनी गडद घ्यावी. हा सल्ला चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा आहे याचे उत्तर एका फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी शोधून ठेवले आहे.

मिशेल यूजीन शेव्हरल १८२४ मध्ये पॅरिसच्या गोब्लाँ या सरकारी गालिचा कारखान्यात रंगाई विभागाचा प्रमुख झाला. काळा धागा फिका पडतो, अशी तिथल्या विणकरांची तक्रार होती. शेव्हरलने धागा तपासला तर रंग पक्का होता. काळा फिका दिसायचा तो निळ्याजांभळ्या धाग्यांच्या शेजारी विणल्यावरच. दोन रंग शेजारी आले की प्रत्येक रंग दुसऱ्याला आपल्यापासून दूर ढकलतो, हे त्याच्या लक्षात आले. जांभळा रंग शेजारच्या रंगाला पिवळसर करतो, हिरवा त्याला लालसर करतो, पांढरा गडदपणा वाढवतो आणि काळा उजळपणा वाढवतो. १८३९ मध्ये त्याने यावर ग्रंथ लिहिला. त्वचेच्या आणि केसांच्या वेगवेगळ्या रंगांशेजारी कोणते कापड कसे दिसते, याचाही त्यात विचार आहे.

चष्म्याची फ्रेम म्हणजे त्वचेला चिकटून असलेली रंगाची एक रेघ. ती पातळ असल्याने सगळ्या चेहऱ्याचा रंग बदलत नाही, हेही खरेच. पण तिचा परिणाम तिच्या अगदी कडेला सर्वांत जास्त होतो, आणि ती कड येते डोळ्याखाली, जिथे थकवा आधी दिसतो.

त्यामुळे गोरा की सावळा हा पहिला प्रश्न नव्हे. पहिला प्रश्न असा, की केस, भुवया आणि त्वचा यांच्यात उजेड-अंधाराचा फरक किती आहे? तो पाहायला मोबाइल पुरतो. दिवसाच्या उजेडात, खिडकीकडे तोंड करून, चष्मा काढून फोटो काढावा आणि तो कृष्णधवल करावा. केस दाट काळे आणि त्वचा उजळ गव्हाळ असेल, तर फोटोत फरक ठळक दिसतो. असा चेहरा काळी फ्रेम सहज पेलतो. त्वचा गडद आणि केसही काळे असतील, तर दोन्ही एकमेकांच्या जवळ येतात. इथे काळी फ्रेम चेहऱ्यात मिसळून जाते. कुणाला तसेच हवे असेल तर उत्तम. पण अशाच चेहऱ्यावर वाइन, बॉटल ग्रीन, गडद निळा हे भरीव रंग इतके खुलतात की ‘सावळ्यांनी गडद काळीच घ्यावी’ म्हणणाऱ्यांनी एकदा तरी पाहावे. तिथे खटकतात ते दुधाळ, अपारदर्शक फिके रंग, कारण त्यांची पांढुरकी रेघ त्वचेवरून तुटून वेगळी दिसते. मधासारखी पारदर्शक फ्रेम मात्र तितकी तुटत नाही, कारण तिच्यातून त्वचाच दिसते.

केस पिकले की हिशोब पुन्हा बदलतो. तिशीत शोभणारी काळी फ्रेम पन्नाशीत चेहऱ्यावरची एकमेव काळी वस्तू होऊन बसते आणि समोरच्याची नजर डोळ्यांआधी फ्रेमवर जाते. करडी, गनमेटल किंवा गडद निळी फ्रेम तिथे अधिक जुळते. भुवया अजून काळ्या असतील तर वरची कड गडद आणि खालची फिकी अशी फ्रेम घेता येते.

त्वचेची झाक हा त्यानंतरचा प्रश्न. मनगटाच्या शिरा हिरव्या दिसतात की निळ्या, हे पाहण्याची पद्धत सगळीकडे सांगितली जाते. पण त्वचा गडद असेल तर शिरांचा रंग नीट कळतच नाही. त्यापेक्षा सुती कापडाचे दोन तुकडे बरे, एक पांढराशुभ्र आणि एक सायीच्या रंगाचा. दिवसाच्या उजेडात आळीपाळीने गळ्याशी धरावेत. पांढऱ्याने चेहरा पिवळट किंवा मळकट वाटला आणि सायीच्या रंगाने निवळला, तर झाक उबदार, सोनेरी. उलट झाले तर ती थंड, गुलाबीकडे झुकणारी. आपल्याकडे पुष्कळांची त्वचा या दोन्हींच्या मधली, किंचित हिरवट पिवळी असते. तिच्यावर पिवळसर तपकिरी फ्रेम आली की तिचा पिवळेपणा त्वचेच्या पिवळेपणात मिळतो आणि माणूस आजारातून उठल्यासारखा दिसतो. जांभळी फ्रेमही तिथे जपूनच घ्यावी, कारण शेव्हरलच्या नियमाने ती त्वचेला आणखी पिवळे करते.

हे सगळे एका चेहऱ्यावर लावून पाहू. समजा, जिल्हा न्यायालयात वकिली करणाऱ्या पंचेचाळिशीच्या एक बाई आहेत. गव्हाळ, किंचित हिरवट झाकेची त्वचा, केसांना मेंदी, त्यामुळे पिकलेले केस तांबूस, भुवया काळ्या. डोळ्यांखाली काळसर वर्तुळे. नंबर दोन्ही डोळ्यांना उणे साडेचार. रोजचा वेश काळा कोट आणि गळ्याशी पांढरे बँड. कानात आणि गळ्यात सोने. आजवर काळी जाड शेल फ्रेम वापरत आल्या आहेत.

कृष्णधवल फोटोत त्यांच्या भुवया गडद दिसतात, पण केस मध्यमच. म्हणजे काळी फ्रेम भुवयांना जुळते. मात्र कोटाच्या काळ्याशी मिळून चेहऱ्यावर भार टाकते. बँड पांढरे असल्याने कापडाची चाचणी त्यांनी पांढऱ्यावरच करायला हवी. घरी सायीच्या रंगाच्या साडीवर छान दिसलेली फ्रेम कोर्टात पिवळट दिसू शकते ती यामुळेच. बॉटल ग्रीन त्वचेला थोडी लाली देईल, पण मेंदीचा तांबूसपणाही भडक करेल. पूर्ण पारदर्शक फ्रेम घेतली तर उणे नंबरच्या काचेची जाड कड आतून दिसेल, पांढऱ्या वळ्यांसारखी.

उरते ती कासवछाप फ्रेम, जिला दुकानात टॉर्टॉइज किंवा हवाना म्हणतात. पूर्वी ती खरोखरच्या कासवाच्या पाठीची असे; त्या कासवाचा आंतरराष्ट्रीय व्यापार आता बंद आहे, आणि आजचा माल कापूस व लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या सेल्युलोज ॲसिटेटचा असतो. तिच्यातही दोन जाती दिसतात: काहींचे ठिपके पिवळे, काहींचे लालसर. बाईंनी लालसर घ्यावी. ती मेंदीच्या केसांशी जमते आणि त्वचेचा पिवळेपणा वाढवत नाही. वरची कड गडद असावी म्हणजे भुवयांशी मिळेल, खालची मध्यम छटेची. डोळ्याखाली काळी जाड कड आली तर तिची सावली वर्तुळांवर पडते. फार फिकी आली तर तिच्याशेजारी वर्तुळे अधिक गडद दिसतात. मध्यम छटा या दोन्हींतून वाचवते, शिवाय काचेची कडही झाकते. काडीच्या बिजागरीपाशी सोनेरी धातू असेल तर कानातल्या सोन्याशी मेळ बसतो. एवढा सोनेरी रंग कोर्टातही खटकत नाही.

काचेचाही रंग असतो, हे पुष्कळदा विसरले जाते. ब्लू-कट काचेला बहुधा हलकी पिवळी झाक असते आणि ती नेमकी डोळ्यांभोवतीच्या त्वचेवर दिसते. ज्यांची त्वचा आधीच पिवळसर आहे, त्यांनी पांढऱ्या कागदावर काच धरून झाक तपासावी. व्हिडिओवर बैठका घेणाऱ्यांनी परावर्तन कमी करणारे कोटिंग जरूर घ्यावे, नाहीतर फ्रेमचा रंग कितीही नेमका असला तरी समोरच्याला काचेत खिडकीच दिसते.

कपड्यांच्या बाबतीत एक साधे काम करावे. कपाटातले ऑफिसचे कपडे पलंगावर पसरावेत आणि गळ्याजवळ सर्वांत जास्त वेळा कोणता रंग येतो ते मोजावे. पँटचा रंग इथे बिनमहत्त्वाचा. बँकेत निळे-पांढरे शर्ट घालणाऱ्याला गडद निळी किंवा करडी फ्रेम वर्षभर पुरते. शाळेत-कॉलेजात रोज वेगळ्या रंगाची साडी नेसणाऱ्या शिक्षिकेला लालभडक फ्रेम आठवड्यातून तीन दिवस तरी अडचणीत आणेल. तिला तपकिरी, धातूची किंवा केसांच्या जवळची छटा बरी. पांढऱ्या ॲप्रनमध्ये राहणाऱ्या डॉक्टरांना मात्र रंगाची बरीच मोकळीक असते.

रंग टिकण्याचा प्रश्नही इथलाच. शेल फ्रेमचा रंग आरपार असतो, ओरखडा पडला तर पॉलिश करता येतो. साच्यातल्या स्वस्त प्लास्टिकवर रंग फक्त वरून चढवलेला असतो. घाम आणि तेलाने तो कानामागे आधी सुटतो. ओळखायचे कसे? काडीचे टोक आणि आतली बाजू पाहावी. नक्षी आतपर्यंत खोल दिसत असेल तर शेल, वरच्या थरापुरती असेल तर रंगकाम. पारदर्शक फ्रेम कोकणासारख्या दमट हवेत नाकापाशी पिवळी पडते आणि हेअर डाय लावताना फिक्या काड्यांवर डाग बसतात, हे घेण्याआधीच माहीत असावे. धातूच्या फ्रेमखाली खाज येऊन काळसर डाग पडू लागले तर निकेलची ॲलर्जी असू शकते. त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे आणि टायटॅनियम किंवा शेलकडे वळावे, कारण तो डाग कोणत्याही रंगाच्या फ्रेमने लपत नाही.

फ्रेम घ्यायला जाताना रविवारचा टीशर्ट घालून जाऊ नये. ऑफिसच्या कपड्यांत, नेहमीच्या टिकली-दागिन्यांसह, उन्हे उतरण्याआधी जावे. दोन फ्रेमा निवडल्या की त्या काउंटरच्या आरशात न पाहता हातआरसा घेऊन दुकानाच्या दारापाशी, सावलीतल्या दिवसाच्या उजेडात पाहाव्यात. काचा घासून बसवल्यावर फ्रेम सहसा परत घेतली जात नाही, त्यामुळे दारापर्यंतची ही फेरी ऑर्डर देण्याआधीच करावी.