नवसागर, शहाबादी फरशी आणि मुक्त ऊर्जा

उष्मागतिकीवर मराठीत जे लिहिले गेले त्यात इंजिने, वाफ आणि कार्नोचे चक्र यांना भरपूर जागा मिळाली. विरघळण्याच्या वाट्याला मात्र दोन-चार ओळीच आल्या. मुक्त ऊर्जा खरोखर कळायची असेल, तर वाफेच्या इंजिनापेक्षा पेलाभर पाणी आणि चमचाभर नवसागर जास्त कामाचे आहेत, असे मी वर्षानुवर्षे सांगत आलो आहे. या लेखातही मी तेच सांगणार आहे.

इतिहासाचा पहिला टप्पा भराभर उरकू. डेन्मार्कचे यूलियस थॉमसन आणि फ्रान्सचे मार्सेलँ बर्थेलो यांनी एकोणिसाव्या शतकात असंख्य क्रियांची उष्णता मोजली आणि त्यातून एक नियम काढला: जिच्यातून जास्तीत जास्त उष्णता बाहेर पडते ती क्रिया आपोआप घडते. नियम सुटसुटीत होता आणि पुष्कळ ठिकाणी लागूही पडे. अडचण होती ती विरघळताना पाणी गार करणाऱ्या क्षारांची. सोरा पाण्यात घालून दुसऱ्या भांड्यातले पिण्याचे पाणी गार करण्याची युक्ती अबुल फज्लच्या ‘आईने अकबरी’त नोंदलेली आहे, म्हणजे ही गोष्ट प्रयोगशाळांच्या कितीतरी आधीपासून माहीत होती. विरघळणे हा भौतिक बदल, तो आमच्या नियमाच्या कक्षेत येत नाही, अशी वाट बर्थेलोंनी काढली. पियेर द्युएम या तरुणाने आपल्या प्रबंधात या नियमावर हल्ला चढवला, तेव्हा प्रबंधच नाकारला गेला. १८८६ मध्ये तो पुस्तकरूपाने आला. दरम्यान अमेरिकेत विलार्ड गिब्ज यांनी १८७६ ते १८७८ या काळात कनेटिकट अकादमीच्या नियतकालिकात सगळा पाया घालून ठेवला होता, आणि १८८२ मध्ये हेल्महोल्ट्झ यांनी ‘मुक्त ऊर्जा’ हे नाव रूढ केले.

आता नवसागराकडे येऊ. कल्हईवाल्याच्या हातातला हाच तो अमोनियम क्लोराइड. शंभर मिलिलिटर पाण्यात दहा ग्रॅम नवसागर टाकून ढवळला, तर पाणी साधारण सहा अंश सेल्सिअसने उतरते. स्फटिकातले अमोनियम आणि क्लोराइड आयन एकमेकांपासून सोडवायला एका मोलमागे सुमारे सातशे किलोज्यूल लागतात. पाण्याचे रेणू त्या आयनांभोवती गोळा होतात तेव्हा जवळजवळ तेवढेच परत मिळतात, पण पूर्ण नाही. १४.८ किलोज्यूलची तूट राहते आणि ती पाण्याच्या उष्णतेतून भरून निघते. म्हणून पेला गार लागतो.

मग ही तूट सोसून नवसागर विरघळतोच का? इथे बहुतेक पाठ्यपुस्तके ‘अव्यवस्था वाढते म्हणून’ एवढे सांगून पुढे सरकतात. या उत्तराशी माझे जुने भांडण आहे. अव्यवस्था वाढली हे मान्य, पण किती वाढली? पेल्याबाहेरच्या जगात ती घटली त्याचे काय? हे विचारल्याशिवाय उत्तर पुरे होत नाही. अव्यवस्थेचेच समर्थन करणारी मंडळी मला सांगतात, की विद्यार्थ्यांना आकडे झेपत नाहीत. मला वाटते आकडे दिले नाहीत म्हणूनच त्यांना विषय झेपत नाही. हा हिशेब तीन ओळींचा आहे आणि दोन वह्यांच्या जमाखर्चासारखा मांडता येतो.

पहिली वही पेल्याची. एक मोल नवसागर विरघळला की आयन पाण्यात मोकळे फिरू लागतात आणि एन्ट्रॉपी केल्व्हिनमागे ७५ ज्यूलने वाढते. दुसरी वही भोवतालची. पेला पुन्हा खोलीच्या तापमानाला यायचा तर खोलीतून १४.८ किलोज्यूल उष्णता पेल्यात जाते. २९८ केल्व्हिनने भागले, की खोलीची एन्ट्रॉपी ५० ज्यूलने घटलेली दिसते. एकीकडे ७५ वाढले, दुसरीकडे ५० गेले. जगाच्या खात्यात २५ ज्यूलची निव्वळ भर पडली. क्रिया आपोआप घडण्याचे कारण हीच भर आहे.

गिब्ज यांची करामत अशी, की दुसरी वही उघडण्याची गरजच उरू नये. तापमान आणि दाब स्थिर असतील, तर खोलीची सारी बाजू ΔH या एका आकड्यात येऊन बसते:

ΔG = ΔH − TΔS

नवसागरासाठी १४.८ वजा २२.४, म्हणजे उणे ७.६ किलोज्यूल. मुक्त ऊर्जा घटली याचा अर्थ जगाची एन्ट्रॉपी वाढली. चिन्ह बदलून आणि तापमानाने गुणून लिहिलेली तीच गोष्ट आहे. ‘ऊर्जा आणि एन्ट्रॉपी यांची रस्सीखेच’ असे वर्णन वारंवार वाचायला मिळते. मला ते पटत नाही, कारण दोन्ही पदे एन्ट्रॉपीचीच आहेत: एक भोवतालच्या एन्ट्रॉपीचे, दुसरे पेल्यातल्या.

तोच प्रयोग थर्मासमध्ये करून पाहावा. तिथे बाहेरून उष्णता येत नाही, तरीही नवसागर विरघळतो आणि पाणी गारच राहते. गार होण्यात पाण्याची थोडी एन्ट्रॉपी जाते, पण आयन मोकळे झाल्याने त्याहून जास्त मिळते. पेल्याबाहेरच्या जगाला काही देणेघेणे नसताना फक्त पहिल्या वहीवर निर्णय होतो. तापमान इथे स्थिर नसल्याने वरचे सूत्र मात्र थेट लावता येत नाही.

विरघळणे कुठे तरी थांबतेही. उणे ७.६ हा आकडा प्रमाण द्रावणाचा आहे. द्रावणात आयनांची गर्दी वाढते तसा प्रत्येक नव्या आयनाचा एन्ट्रॉपीतला लाभ कमी होतो, आणि ΔG शून्यावर आला की द्रावण संपृक्त होते. तापवल्यावर TΔS चे वजन वाढते. म्हणून शंभर ग्रॅम पाण्यात शून्य अंशाला एकोणतीस ग्रॅमच्या आसपास विरघळणारा नवसागर उकळत्या पाण्यात सत्त्याहत्तर ग्रॅमपर्यंत जातो.

‘अव्यवस्था’वाल्यांना मी नेहमी दाखवतो ती शहाबादी फरशी. ही चुनखडी, म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. तो आयनांच्या रूपात पाण्यात गेला तर एका मोलमागे तेरा किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. बर्थेलोंचा नियम विरघळण्यालाही लावला, तर फरशी पावसाळ्यात वाहून जायला हवी. अव्यवस्थेच्या नियमानेही तसेच व्हावे, कारण घट्ट स्फटिक सुटून मोकळे आयन होणार. प्रत्यक्षात एन्ट्रॉपी केल्व्हिनमागे २०० ज्यूलने घटते! कॅल्शियम आणि कार्बोनेट या दोघांवर दुहेरी प्रभार आहे. पाण्याचे रेणू त्यांच्याभोवती इतके करकचून धरले जातात, की आयनांनी मिळवलेले स्वातंत्र्य पाण्याने गमावलेल्या स्वातंत्र्यापुढे थिटे पडते. अमोनियम आणि क्लोराइड हे मोठे, एकेरी प्रभाराचे आयन पाण्याला असे जखडत नाहीत. फरशीचा ΔG अधिक सत्तेचाळीस किलोज्यूल निघतो. स्फटिकाकडे पाहून एन्ट्रॉपीचा अंदाज बांधणारे नेमके पाण्याला विसरतात.

नवसागराचा प्रयोग पूर्वी पहिल्या वर्षाच्या प्रात्यक्षिकात असे. मुले दशांशाचा तापमापक धरून ढवळत, दर अर्ध्या मिनिटाला नोंद घेत, आलेख मागे वाढवून खरी घट काढत. नवसागराने ओल धरली असेल तर घट कमी यायची. ढवळणे रेंगाळले तर खोलीची उष्णता आत शिरून आलेखाचा उतार बसका व्हायचा, आणि चूक कुठली ते त्या उतारावरूनच कळे. आता कितीतरी ठिकाणी तयार आकडे फळ्यावर लिहून दिले जातात आणि वहीत तेच उतरवले जातात. ओला नवसागर कसा ओळखायचा, हे या मुलांना कोण शिकवणार? बाटलीतला नवसागर वाळवून तापमापकासह मुलांच्या हाती द्यायला अर्धा तास पुरतो, आणि तो अर्धा तास वेळापत्रकात परत यावा यासाठी मी अजूनही प्राध्यापकांना पत्रे लिहितो.