डावा स्पीकर गप्प का?

होम थिएटरचा एखादा स्पीकर वाजेनासा झाला की 'प्लस-मायनस उलटं लागलं असेल' ही शंका हमखास ऐकू येते. पण वायर उलटी लागल्याने स्पीकर गप्प होत नाही. तो वाजतोच, फक्त त्याचा पडदा दुसऱ्या स्पीकरच्या विरुद्ध दिशेने हलतो. आवाज पूर्ण बंद असेल तर कारण दुसरीकडे शोधावं लागतं.

ओळखीच्या एका घरात रंगकामानंतर नेमकं हे झालं. कपाटं सरकवली गेली, वायरी काढून पुन्हा लावल्या गेल्या आणि पुढचा डावा स्पीकर मुका झाला. आधी सेटिंग पाहिलं. बॅलन्स एका टोकाला सरकला असेल तर दुसऱ्या बाजूचा आवाज जातो, आणि रिमोट हाताळताना हे कळतही नाही. इथे तो मधोमध होता. मग रिसीव्हरच्या मेनूतला टेस्ट टोन लावला. हा खरखरीचा आवाज रिसीव्हर स्वतः तयार करतो आणि पाळीपाळीने प्रत्येक स्पीकरला पाठवतो, त्यामुळे टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्स संशयातून बाहेर पडतात. (मागचे स्पीकर गप्प वाटत असतील तर ही चाचणी आधी कराच. कार्यक्रम दोनच चॅनेलचा असेल, तर स्टिरिओ मोडमध्ये त्यांच्याकडे काही जातच नाही.) डाव्याची पाळी आली तेव्हाही शांतताच होती.

आता उरले तिघं: रिसीव्हर, वायर आणि स्पीकर. त्यांना वेगळं काढायला अदलाबदलीसारखी दुसरी युक्ती नाही. रिसीव्हर बंद करून प्लग काढला आणि त्याच्या मागच्या बाजूला डाव्या-उजव्या वायरींची जागा बदलली. पुन्हा चालू केल्यावर उजवा स्पीकर गप्प झाला असता, तर दोष रिसीव्हरच्या डाव्या आउटपुटमध्ये असता. पण गप्प राहिला तो डावाच. म्हणजे रिसीव्हर निर्दोष. मग पुन्हा सगळं बंद करून उजवा स्पीकर उचलून डाव्या वायरीला जोडला. तोही वाजला नाही. स्पीकर सुटला, वायर सापडली.

दोष स्पीकरकडच्या टोकाला होता. टर्मिनलची चाप घट्ट बसली होती, पण ती तांब्यावर नव्हे, वायरीच्या प्लॅस्टिकवर. वरून पाहणाऱ्याला जोडणी पक्की वाटते, ओढली तरी वायर निघत नाही, आणि वीज मात्र पुढे जात नाही. अशा वेळी काळं पडलेलं टोक कापून टाकावं, साधारण एक सेंटिमीटर प्लॅस्टिक सोलावं, तारा घट्ट पिळाव्यात आणि फक्त तांबं आत जाईल असं पाहावं. एकही तार बाहेर राहू देऊ नये. ती शेजारच्या टर्मिनलला टेकली तर शॉर्ट होतो. त्याने रिसीव्हर स्वतःला वाचवायला बंद पडतो किंवा कधी खरोखर बिघडतो.

सगळ्या वायरी जागच्या जागी लावल्यावर डावा वाजू लागला, पण गाणं पोकळ वाटायला लागलं. ढोलकी अंगावर येत नव्हती, आणि दोन स्पीकरांच्या मधून यावा तो गायकाचा आवाज खोलीभर पसरत होता. प्लस-मायनसचा प्रश्न इथे खरा उभा राहिला. नवं टोक लावताना ते उलटं झालं होतं. एक पडदा हवा पुढे ढकलतो त्याच क्षणी दुसरा मागे ओढतो, आणि खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. वायरीच्या एका बाजूला रेघ किंवा वेगळा रंग असतो. ती बाजू दोन्ही टोकांना लाल टर्मिनलमध्ये आली की झालं. दोन्ही टोकांना उलटी लागली तरी परिणाम सरळच. घोटाळा होतो तो एकाच टोकाला उलटल्याने.

जुन्या वायरीवर खूणच नसेल तर स्पीकरकडची टोकं मोकळी करावीत, रिसीव्हरकडची टोकं काढून घ्यावीत, आणि मल्टिमीटरच्या कंटिन्युइटीवर कुठली तार कुठे निघते ते पाहावं. मल्टिमीटर स्पीकरबद्दलही सांगतो. वायरीपासून सोडवलेल्या आठ ओहमच्या स्पीकरच्या टर्मिनलवर साधारण सहाच्या आसपास आकडा येतो. वाचनच येत नसेल तर आतली कॉइल किंवा तिची तार तुटलेली असण्याची शक्यता मोठी. मात्र आकडा बरोबर आला म्हणजे उंच सुरांचा ट्वीटर ठीक आहे असं समजू नये, कारण त्याच्या मार्गात कपॅसिटर असतो आणि मल्टिमीटरला तो दिसत नाही.

परीक्षेसाठी दुसरा स्पीकर शेजारच्या सेटमधून आणायचा असेल तर मागच्या पट्टीवरचा ओहमचा आकडा वाचा. आठ ओहमसाठी बनवलेल्या रिसीव्हरला तीन ओहमचा जोडला तर त्याच्यावर जादा भार पडतो. उलट, तीन ओहमच्या तयार सेटला आठचा जोडला तर आवाज थोडा कमी येईल, धोका नाही. दोन्ही वेळी व्हॉल्यूम तळाशी ठेवून हळूहळू वाढवावा.