कार्ड फॉरमॅट करण्याआधी

लग्नाचं शूट आटोपतं. फोटोग्राफर रात्री कार्ड रीडरला लावतो, फोल्डर उचलून बाहेरच्या डिस्कवर टाकतो. थंबनेल झकास दिसतात, आणि सकाळच्या मुंजीसाठी कार्ड फॉरमॅट होतं. महिन्याभराने अल्बमसाठी फोटो उघडावा, तर मंगलाष्टकांच्या वेळचा फोटो निम्म्यापासून खाली नुसता करडा!

थंबनेल चांगलं होतं, मग फोटो बिघडला कसा? रॉ फाइलमध्ये मूळ नोंदीबरोबर एक तयार जेपीईजीही असतो आणि कॉम्प्युटर बहुधा तोच दाखवतो. खाली मूळ नोंद तुटलेली असली तरी तो शाबूत राहू शकतो. फाइलींची संख्या आणि आकार जुळले तरी निर्धास्त होऊ नये. आतले काही बाइट बदलले म्हणून आकार बदलत नाही. सैल केबल, झिजलेला रीडर, कॉम्प्युटरची सदोष रॅम, यांपैकी काहीही पुरतं.

नावांचा घोळ वेगळाच. कॅनन कॅमेऱ्यात `IMG_9999` नंतर पुन्हा `IMG_0001` येतो, फक्त फोल्डर बदलतो. सगळं एकाच फोल्डरमध्ये ओतलं आणि ‘रिप्लेस’ दाबलं, की आधीचा फोटो गेला. म्हणून अख्खा `DCIM` फोल्डर तारखेच्या नव्या फोल्डरमध्ये कॉपी करावा. कट कधीच नाही, कारण त्यात पडताळणीआधीच मूळ पुसलं जातं.

कॉपी झाली की डिस्क नीट इजेक्ट करून पुन्हा लावावी. हे बरेच जण टाळतात. नुकती लिहिलेली फाइल कॉम्प्युटरच्या मेमरीत रेंगाळत असते. लगेच तपासलं तर डिस्कऐवजी तीच वाचली जाण्याची शक्यता असते. मग मॅकवर टर्मिनलमध्ये, आपापली नावं घालून, असं लिहायचं:

```
diff -rq /Volumes/EOS_DIGITAL/DCIM /Volumes/Photos/2025-02-14/DCIM
```

हा कार्डावरची प्रत्येक फाइल कॉपीशी बाइटनिशी ताडून पाहतो. मोठ्या कार्डाला वेळ लागतो, तेवढ्यात जेवून घ्यावं. काहीच छापलं नाही तर सगळं जुळलं. `differ` आलं तर ती फाइल वेगळी आहे. `Only in` आलं तर ती एकाच बाजूला आहे (`.DS_Store` दिसला तर सोडून द्या, तो मॅकचा पसारा). विंडोजवर टेराकॉपीसारख्या प्रोग्रॅममध्ये व्हेरिफायची सोय आहे.

फरक निघाला तर रीडर आणि केबल बदलून तेवढीच फाइल पुन्हा आणावी आणि पुन्हा ताडावी. मात्र कार्डावरच बिघडलेला फोटो या तपासणीत सापडत नाही, कारण बिघाडाची कॉपीही हुबेहूबच असते. त्यासाठी महत्त्वाचे फोटो रॉ उघडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये शंभर टक्के मोठे करून पाहावे लागतात.

दुसऱ्या डिस्कवरची कॉपीही अशीच ताडून झाली, की मग कार्ड कॅमेऱ्यात घालून तिथेच फॉरमॅट करावं, कॉम्प्युटरवर नाही. कॅमेरा स्वतःला लागणारी मांडणी करून घेतो.